प्रतिसाद: साऊंड, स्टेज, लाईटचा अंदाज

> कार्यक्रम तीनच तासांचा, मग दिवसभराचे पैसे का?

सामानाचं भाडं दिवसावरच असतं, तिथे फारशी घासाघीस होत नाही. फरक पडतो माणसांच्या तासांत. पर्वरीतल्या आमच्या सोसायटीचा कार्यक्रम ७ ते १० होता (दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, म्हणजे शेवट ठरलेलाच). स्टेजची ४ माणसं २ ते ५ उभारणीला आणि १० ते १२ काढायला, म्हणजे २० तास. साऊंडचे दोघे ३ ते १२, म्हणजे १८. लाईटवाला ४ ते १२, म्हणजे ८. एकूण ४६.

गोम स्टेजवाल्यांची. ५ ते १० ती माणसं दुसऱ्या कामावर जाणार की इथेच बसणार? बसली तर आणखी २० तास आपल्या बिलात. आम्ही हे विचारलंच नव्हतं, शिवाय त्यांचं रात्रीचं जेवणही आमच्याकडेच आलं. दुसऱ्या वर्षी स्टेज सकाळीच उभारून घेतला आणि काढणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली. फक्त रात्री सामानावर नजर ठेवायला वॉचमनला आधी सांगा, आणि जास्तीच्या दिवसाचं भाडं लागणार का, तेही विचारून घ्या.