लांब तासातून पाच मिनिटे वेगळी काढताना: आपापले अनुभव लिहावेत

प्राजक्ता बोरिवलीकर

काल जुना मोबाईल मुलीला देण्यासाठी रिकामा करत असताना 'kalam25.m4a' नावाची पाच मिनिटे पंचवीस सेकंदांची फाइल सापडली आणि चर्चगेटच्या संध्याकाळच्या विधी वर्गाचे दिवस आठवले. 1872च्या करार कायद्यातील कलम 25, म्हणजे प्रतिफलाशिवाय केलेला करार कोणत्या अपवादांत वैध ठरतो, हे आमच्या सरांनी इतके नेटके समजावले होते की मला तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकायचा होता; परंतु त्यांच्या परवानगीने केलेले संपूर्ण रेकॉर्डिंग दोन तास सत्तेचाळीस मिनिटांचे होते. चर्चगेट ते बोरिवली या प्रवासात तो तुकडा दहा-बारा वेळा ऐकून होत असे.

जागा सापडली ती वहीमुळे. तास 6:35 ला सुरू झाला तेव्हाच मी रेकॉर्डिंग लावले होते आणि 'कलम 25' या मथळ्याशेजारी समासात 7:47 असे लिहून ठेवले होते. वजाबाकी केली की एक तास बारा मिनिटे येतात. तेथून थोडे पुढेमागे ऐकून मी 1:12:40 ते 1:18:05 असा भाग ठरवला आणि लॅपटॉपवर ffmpeg या आवाजाच्या फाइली कापण्या-बदलण्याच्या प्रोग्रामला ही आज्ञा दिली:

```
ffmpeg -ss 01:12:40 -i taas.m4a -to 01:18:05 -c copy kalam25.m4a
```

फाइल झाली ती एक तास अठरा मिनिटांची! मी दोनदा पुसून पुन्हा केली, तरी तेच. शेवटी कंटाळून `-to` काढले आणि `-t 00:05:25` लिहिले, तेव्हा हवा तेवढाच भाग मिळाला. तो का मिळाला, हे मात्र मला आजतागायत नीट कळलेले नाही.

खटपट्या

प्राजक्ताताई, तुमच्या आज्ञेत `-ss` हे `-i` च्या आधी आहे. त्यामुळे प्रोग्राम आधी 1:12:40 वर उडी मारतो आणि तेथून घड्याळ पुन्हा शून्यावर लावतो. `-to` मात्र `-i` च्या नंतर आल्यामुळे त्या नव्या घड्याळाचे 1:18:05 धरले जाते. म्हणून तुम्हाला मूळ तासातील 1:12:40 ते 2:30:45 असा भाग मिळाला. `-t` म्हणजे किती वेळ, `-to` म्हणजे कुठपर्यंत. मूळ रेकॉर्डिंगमधील वेळच लिहायची असेल, तर दोन्ही `-i` च्या आधी ठेवावीत:

```
ffmpeg -ss 01:12:40 -to 01:18:05 -i taas.m4a -c copy kalam25.m4a
```

फार जुन्या आवृत्तीत ही मांडणी चालत नाही. तेथे ताईंचा `-t` चा मार्गच बरा.

निवृत्त लेखापाल, गिरगाव

माझ्या अनुभवाप्रमाणे फाइल कापली की आवाज बिघडतोच. म्हणून मी आधी संपूर्ण रेकॉर्डिंग वेव्ह प्रकारात बदलून घेतो, मग कापतो आणि शेवटी पुन्हा एमपीथ्री करतो. जागा पुष्कळ लागते, परंतु मन निर्धास्त राहते.

खटपट्या

काका, अर्धी गोष्ट आपली बरोबर आहे. आवाज बिघडतो तो कापल्यामुळे नव्हे, तर शेवटी पुन्हा एमपीथ्री करताना. मूळ फाइल आधीच दाबलेली, म्हणजे आवाजातील काही बारकावे गाळून लहान केलेली असते. वेव्ह केल्याने गेलेले परत येत नाही आणि पुन्हा दाबताना आणखी थोडे जाते. `-c copy` लिहिले की आतील आवाज जसाच्या तसा उचलला जातो. पावणेतीन तासांची दोन वाहिन्यांची वेव्ह फाइल नेहमीच्या दर्जाला पावणेदोन जीबीच्या घरात जाते, ती जागाही वाचेल. आवाज वाढवायचा किंवा सुरुवातीला हळूहळू चढवायचा असेल, तर मात्र पुन्हा दाबण्यावाचून गत्यंतर नाही.

निवृत्त लेखापाल, गिरगाव

आमच्या सरांचा आवाज पंख्याखाली फार बारीक येत असे, त्यामुळे मला तो वाढवावाच लागे. म्हणजे माझी पद्धत माझ्यापुरती योग्य होती, असे समजतो.

तिहाई

मी तबला शिकते. गुरुजींच्या दीड तासाच्या शिकवणीतून एकच कायदा, म्हणजे बोलांची एक रचना, रियाजासाठी वेगळा काढते. सेकंदाच्या आकड्यावर कापले की नेमका समेवरचा 'धा' अर्धा तुटतो आणि कानाला ते फार खटकते. एमपीथ्री असेल, तर सुरुवातीला बारीकसा 'टक्' आवाजही येतो. हा दोष माझ्या कापण्याचा आहे की फाइलचा?

खटपट्या

दोन्हींचा आहे. सेकंदाचे भागही लिहिता येतात, उदाहरणार्थ `00:41:07.350`. एमपीथ्री मात्र छोट्या-छोट्या ठोकळ्यांत असते. नेहमीच्या दर्जाला एक ठोकळा साधारण 26 मिलिसेकंदांचा, आणि न बदलता कापायचे तर ठोकळ्याच्या कडेवरच कापावे लागते. शिवाय एखाद्या ठोकळ्याची माहिती मागच्या ठोकळ्यांत साठवलेली असू शकते. मागचे कापून टाकले की पहिला ठोकळा अपुरा राहतो आणि 'टक्' ऐकू येते. समेच्या दोन-तीन सेकंद आधीपासून कापा. तो आवाज गुरुजी हातोडी खाली ठेवतात त्या शांततेत जाईल.

तिहाई

ते हातोडी खाली ठेवतच नाहीत, पण सूचना उपयोगी आहे. आभार.

बारावीची आई, विक्रोळी

क्षमा असावी, मला वाटले की येथे तास कमी वेळात कसा ऐकावा याची चर्चा आहे. मुलगा दीडपट वेगाने ऐकतो आणि सगळे समजले म्हणतो. असो. मुद्द्याचे म्हणजे, त्याच्या शिकवणीकडून आलेल्या एमपीथ्रीमध्ये मोबाईलवर 40:00 दिसते तेथून कापले, तर भलताच भाग आला. 1:30:00 च्या सुमारास तर कितीतरी मिनिटांचा फरक पडला.

खटपट्या

फरक पुढे-पुढे वाढत जात असेल, तर ती फाइल बदलत्या दराची, म्हणजे दर सेकंदाला सारखीच जागा न घेणारी आहे आणि तिच्या सुरुवातीला एकूण लांबीची नोंद नाही, अशी माझी शंका आहे. तेव्हा मोबाईल आकारावरून वेळेचा अंदाज बांधतो आणि तो चुकतो. एक नक्कल करून पाहा. नव्या फाइलमध्ये ती नोंद लिहिली जाते:

```
ffmpeg -i shikavani.mp3 -c copy nava.mp3
```

मग `nava.mp3` मोबाईलवर लावून वेळ पुन्हा पाहा आणि तिच्यातूनच कापा. परंतु फरक एका ठिकाणापासून पुढे शेवटपर्यंत तितकाच राहत असेल, तर मोबाईलचा दोष नाही. मुलगा वहीतल्या घड्याळावरून जागा शोधत असेल आणि मध्यंतरात कोणीतरी रेकॉर्डिंग थांबवले असेल.

बारावीची आई, विक्रोळी

वही? तो वहीत तारीखसुद्धा लिहीत नाही. नक्कल करून पाहिली. एकूण लांबी आता वेगळी दिसते आणि 40:00 ला बरोबर भाग येतो. 1:30:00 जवळ अजूनही साधारण एका मिनिटाचा फरक वाटतो आहे. तो कशाचा, हे मुलगा घरी आला की विचारते.

प्राजक्ता बोरिवलीकर

खटपट्या, मध्यंतराचे वाचून आत्ता ध्यानात आले. आमच्या वर्गात 8:00 वाजता चहाची सुट्टी होत असे आणि मी रेकॉर्डिंग थांबवत असे. कलम 25 सुट्टीच्या आधी झाले म्हणून माझी वजाबाकी जुळली. त्याच फाइलमधून 8:40 ला शिकवलेले कलम 27 मी कित्येकदा शोधले होते. ते बहुधा दहा मिनिटे अलीकडे असावे. मूळ फाइल जुन्या हार्ड डिस्कवर आहे का, ते आज रात्री पाहते.