मदत हवी आहे: y = √x च्या खालच्या क्षेत्राचा ȳ दोन्ही रीतींनी १.५ येतोय, उत्तर मात्र ०.७५ दिलंय

वसईफास्ट
फर्स्ट इयर, मेकॅनिक्स. y = √x, x-अक्ष आणि x = 4 यांच्या मधल्या क्षेत्राचा सेंट्रॉइड काढायचा आहे. x̄ जमला: एरिया १६/३, y-अक्षाभोवतीचा मोमेंट ६४/५, भागाकार २.४, उत्तराशी जुळतो. घोडं ȳ पाशी अडलंय. उभ्या पट्ट्या घेऊन केलं, मग खात्रीसाठी आडव्या घेऊन केलं:

```
उभ्या:   ∫ y·y dx  = ∫ x dx (0 ते 4)  = 8
         ȳ = 8 ÷ (16/3) = 1.5

आडव्या:  ∫ y·y² dy (0 ते 2) = 4
         एरिया = ∫ y² dy    = 8/3
         ȳ = 4 ÷ (8/3) = 1.5
```

दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो, तर उत्तर चुकीचं छापलंय असं समजू का?

मुलुंडचा_मी
उभ्या पट्टीत ½ हवा असं आठवतंय, पण आडव्या पट्टीत तो नसतोच. अख्खी पट्टी एकाच उंचीवर असते, म्हणून y गुणिले पट्टीचा एरिया, विषय संपला. ती रीत तुम्ही बरोबर केलीय. शिवाय आकृती काढून पाहिली: x = 2.4 ला वक्राची उंची √2.4, म्हणजे १.५५. तुमचा बिंदू १.५ वर, आकृतीच्या आतच पडतो. मला तरी छपाईची चूक वाटते.

आडवीपट्टी
उत्तर ०.७५ च बरोबर आहे. दोन्ही रीतींत एकेक चूक आहे, चुका वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही नेमक्या १.५ वरच येऊन थांबतात.

आधी उभी पट्टी. ती अक्षापासून वक्रापर्यंत उभी आहे, तिचं वजन तळापासून टोकापर्यंत सारखं पसरलंय. त्यामुळे तिचा स्वतःचा मध्य y वर नाही, y/2 वर. तुम्ही पट्टीचं सगळं वजन तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलंत. x̄ काढताना ही चूक होत नाही, कारण पट्टी अरुंद आहे आणि तिचा प्रत्येक कण y-अक्षापासून जवळपास x इतकाच दूर आहे. म्हणून x̄ बरोबर आला आणि ȳ बरोबर दुप्पट झाला.

आडव्या पट्टीबद्दल मुलुंडकर म्हणतात ते खरं, तिथे ½ लागत नाही. पण पट्टी कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. आपलं क्षेत्र वक्राच्या खाली, म्हणजे उजवीकडे आहे. y उंचीवरची पट्टी वक्रावर x = y² ला सुरू होते आणि x = 4 ला संपते. लांबी 4 − y². तुम्ही घेतलेली y² लांबीची पट्टी y-अक्षापासून वक्रापर्यंतची आहे, म्हणजे वक्राच्या वरचं, डावीकडचं क्षेत्र. त्याचा ȳ खरोखरच १.५ आहे, फक्त प्रश्न त्याचा नव्हता.

```
उभ्या:   ½ ∫ y² dx = ½ ∫ x dx (0 ते 4)      = 4
आडव्या:  ∫ y(4 − y²) dy (0 ते 2) = 8 − 4    = 4
ȳ = 4 ÷ (16/3) = 0.75
```

खूण तुमच्याच लेखनात होती: एरिया एकदा १६/३ आला, एकदा ८/३. आकृती एक आणि एरिया दोन, असं झालं की पुढे जायचंच नाही. मोमेंट जुळतोय का हे त्यानंतर.

"बिंदू आकृतीच्या आत आहे" ही तपासणी इथे फसते, ते वर दिसलंच. तिच्यापेक्षा कडक तपासणी अशी: तळ x-अक्षावर असेल तर प्रत्येक उभ्या पट्टीचा मध्य तिच्या अर्ध्या उंचीवर असतो, म्हणून ȳ कधीच जास्तीत जास्त उंचीच्या निम्म्याहून वर जाऊ शकत नाही. इथे कमाल उंची २, तेव्हा ȳ ची मर्यादा १. दीड बघताक्षणी बाद.

वसईफास्ट
½ आणि 4 − y² दोन्ही कळले, धन्यवाद. पण दोन चुका एकाच आकड्यावर कशा आल्या? योगायोग?

आडवीपट्टी
नाही. y = k·xⁿ घ्या, 0 ते a, टोकाची उंची b. ½ विसरून ȳ काढलात तर b(n+1)/(2n+1) येतो. वक्राच्या डावीकडच्या क्षेत्राचा खरा ȳ काढलात तरी तेच. n काहीही असो. क्लासमधली बरीच गणितं याच घराण्यातली असल्यामुळे हा सापळा पुन्हा पुन्हा भेटतो. y = sin x, 0 ते π/2 वर हेच दोन घोळ मुद्दाम करून बघा: पहिल्यात ०.७८५, दुसऱ्यात ०.६८८. तिथे फरक लगेच उघडा पडतो.

खरी पडताळणी हवी तर 4 × 2 चा अख्खा आयत घ्या. त्याचा x-अक्षाभोवतीचा मोमेंट ८ × १ = ८. खालचा तुकडा १६/३ × ०.७५ = ४, वरचा ८/३ × १.५ = ४. बेरीज ८. तुमचा १.५ खालच्या तुकड्याला लावला तर बेरीज १२ होते.

साकीनाका_शीटमेटल
धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्याकडे अशाच आकाराची एमएस प्लेट आहे, जाडी सगळीकडे एकच. तळ सरळ, १ मीटर. एका टोकाला उंची शून्य, दुसऱ्याला ५० सेंमी, वरची कड गोलसर. समीकरण वगैरे नाही, दर २५ सेंमीला मोजलेली उंची आहे: ०, २५, ३५.४, ४३.३, ५०. एका भोकातून उचलायची आहे, तळ आडवा राहिला पाहिजे. सिम्प्सन लावू?

आडवीपट्टी
ही तर हुबेहूब धाग्यातलीच आकृती आहे, १ एकक = २५ सेंमी. म्हणून तपासता येतं. या पाच उंचींवर सिम्प्सन लावला की एरिया ५.२५ एकक येतो, खरा ५.३३. दीड टक्का कमी. ट्रॅपेझॉइडने तर साडेतीन टक्के कमी. कारण शून्याच्या टोकाला कड एकदम उभी चढते आणि पहिल्या २५ सेंमीतला फुगवटा मोजणीतून निसटतो.

त्यापेक्षा प्लेट आडवी मोजा: तळाशी, २५ सेंमी उंचीवर आणि माथ्यावर तिची लांबी किती. १००, ७५ आणि ० सेंमी भरेल. या तीनच मापांवर सिम्प्सन एरिया आणि ȳ बिनचूक देतो. x̄ मात्र याच मापांनी २.३७५ येतो, म्हणजे खऱ्या जागेपासून सुमारे ०.६ सेंमी निमुळत्या टोकाकडे. त्यासाठी आणखी दोन उंचींवर मोजा.

भोक निमुळत्या टोकापासून ६० सेंमीवर, १८.७५ सेंमी उंचीच्या वर पण कडेच्या आत. तिथे कड ३८.७ सेंमीवर आहे, तेव्हा जागा भरपूर आहे.

साकीनाका_शीटमेटल
माथ्याच्या कडेला वरून फ्लॅट बार वेल्ड होणार आहे, तो धरायचा राहिला.

आडवीपट्टी
मग ६० सेंमी विसरा. बार वक्राच्या लांबीवर पसरलाय, त्याचा मोमेंट dx ने नाही, ds ने काढावा लागेल आणि एरियाऐवजी वजनाने भागावं लागेल. बारची रुंदी-जाडी आणि प्लेटची जाडी टाका.

मुलुंडचा_मी
xⁿ सोडून आणखी कुठल्या वक्रावर त्या दोन चुका जुळतात का? मी eˣ − 1 वर 0 ते 1 करून बघितलं, नाही जुळत.