प्रतिसाद: अनघाच्या बारशाचं भाषण

«नागपूरला रविवारी पुतणीचं बारसं आहे, नाव अनघा. अर्थ सांगत दोन मिनिटं बोलायचंय. सुरुवात कशी करू?»

आधी वेळ सांभाळा. आत्याने कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ होईपर्यंत माईक हातात घेऊ नका, नाहीतर नाव तुमच्याच तोंडून फुटेल. पाळणा म्हणून झाला की बोला. पानं वाढली असतील तर दोन मिनिटंही जास्तच. दीडशे शब्द पुरे.

आता अर्थ. अघ म्हणजे पाप, दोष. नकाराचा ‘अ’ स्वरापुढे ‘अन्’ होतो, म्हणून अन् + अघ = अनघ, आणि मुलीचं अनघा. व्याकरण न सांगता ‘अंत नाही तो अनंत, तशी अघ नाही ती अनघा’ एवढं म्हणा, आजीलाही कळेल. मात्र ‘पाप’ शब्दाने सुरुवात नको, मागच्या रांगेला तेवढाच ऐकू येतो.

असं जमेल: “या बाळाचं स्वागत. आत्याने नाव ठेवलंय अनघा, म्हणजे निर्मळ, जिच्यात दोष नाही अशी.”

स्पीकरवर ‘घ’चा ‘ग’ होतो. नाव सावकाश, दोनदा घ्या. हिंदी बोलणारे पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी ‘निष्पाप’ पुरतं.