बी-३०४ च्या बिलात रोजगार हमी कर कुठून आला?

अनघा (बी-३०४): मालमत्ता कराचं बिल आलं. बी-३०३ चा एरिया आमच्याइतकाच आहे, ५२० फूट. तरी आमचं बिल कितीतरी जास्त 😩 फोटो टाकलाय, जरा कोणी बघता का?

जोशी काका (ए-१०२): एकूण रक्कम नंतर बघू. त्यात 'रोजगार हमी कर' अशी ओळ दिसते. राहत्या घराला हा कर लागतच नाही, फक्त बिगरनिवासी जागेला लागतो. म्हणजे तुझ्या घराचा काही भाग दप्तरी दुकान-ऑफिस म्हणून लागलाय.

अनघा: आमच्याकडे कुठलं ऑफिस काका!

सुलभा काकू (बी-३०१): अगं, तुमच्याआधीचे सीए होते ना. पुढच्या खोलीत बसायचे. दारावर पाटीचे खिळे अजून आहेत बघ.

जोशी काका: तेच. अनघा, प्रभाग कार्यालयातून आकारणीचा उतारा काढ. बिलावर करयोग्य मूल्याचा एकच आकडा असतो, उताऱ्यावर त्याची फोड सापडते.

(तीन दिवसांनी)

अनघा: मिळाला! ४०० फूट निवासी, फुटाला महिना १.५० रुपये भाडं धरलंय. १२० फूट बिगरनिवासी, दर ५ रुपये.

जोशी काका: आता हिशेब बघ. ४०० × १.५० × १२ = ७,२००. त्यातून दुरुस्तीपोटी कायद्याने १० टक्के वजा, राहिलं करयोग्य मूल्य ६,४८०. खोलीचे १२० × ५ × १२, तेही ७,२००, वजा जाता ६,४८०. एक खोली बाकीच्या अख्ख्या घराइतकी धरलीय!

मंदार (सी-२०१): बापरे.

जोशी काका: सामान्य कर, मलनिःसारण, पाणीपुरवठा लाभ हे सगळे या मूल्याच्या टक्क्यांत. राज्याचा शिक्षण कर घराला ६ टक्के, म्हणजे ३८९. खोलीला १२ टक्के, म्हणजे ७७८. वर रोजगार हमीचे ३ टक्के, १९४. सगळं घर निवासी धरलं तर करयोग्य मूल्य १२,९६० वरून ८,४२४ वर येतं.

अनघा: मग दुरुस्त होईपर्यंत बिल भरूच नको का?

जोशी काका: भर. थकलं की महिना २ टक्के शास्ती चढते. 'हरकत राखून भरणा' असं अर्जात लिही, पोचपावती घे. वापर बदलल्याचा अर्ज, सोबत घरगुती दराचं वीजबिल आणि सोसायटीचं पत्र. निरीक्षक पाहणीला येतील. मागच्या वर्षांचे पैसे परत मिळतील असं मात्र धरून चालू नकोस, आधीच्यांनी कळवलंच नव्हतं.

मंदार: सोसायटीचं पत्र रविवारी देतो. काकू, त्या पाटीचा फोटो आहे का कोणाकडे?

सुलभा काकू: पाटी कशाला, उलट ते खिळे काढा आधी. पाहणीला आलेला माणूस दारच बघेल पहिलं.

अनघा: 😂 आज संध्याकाळी पक्कड कोण देतंय?