प्रिंटर चालू, केबल लावलेली, तरी विंडोजला दिसत नाही: तुमचा अनुभव सांगा

झेरॉक्सवाला, सातारा
राजवाड्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. गेल्या आठवड्यात ऐन फॉर्म भरायच्या गर्दीत प्रिंटर गायब झाला. प्रिंटरवरचा हिरवा दिवा लागलेला, पण विंडोजमध्ये त्याचा पत्ता नाही. मी ड्रायव्हर काढला, परत टाकला, असं तीन वेळा केलं. दीड दिवस त्यातच गेला. मग डिव्हाइस मॅनेजर उघडलं, तर तिथे पिवळ्या त्रिकोणासह ही ओळ होती:

```
Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)
```

स्कॅनरची केबल काढून प्रिंटरला लावली आणि दोन सेकंदांत प्रिंटरचं नाव आलं. जुनी केबल निरखून पाहिली. चौकोनी टोकापासून चार बोटांवर, टेबलाच्या पायाखाली येऊन ती चपटी झाली होती. बाहेरून एक चीरसुद्धा नव्हती. तुमच्याकडे दोष शेवटी कुठे सापडला ते लिहा, पुढच्या माणसाचा वेळ वाचेल.

शिक्षिका, विश्रामबाग, सांगली
माझ्या अनुभवात नेहमी ड्रायव्हरच असतो. शाळेच्या निकालपत्रकांच्या वेळी असंच झालं होतं. ड्रायव्हर काढला, सगळं बंद करून चालू केलं, ड्रायव्हर परत टाकला आणि प्रिंटर लागला. तेव्हापासून मी आधी तेच करते.

दुरुस्तीवाला, मिरज
ताई, तुम्ही सगळं बंद करून चालू केलंत, काम कदाचित तेवढ्यानेच झालं असेल. ड्रायव्हरला हात लावायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो. `devmgmt.msc`, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडं ठेवायचं, केबल काढायची, परत लावायची आणि यादी हलते का ते बघायचं.

काहीच हललं नाही, आवाजही आला नाही, तर प्रिंटर कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. मग पॉवर, केबल नाहीतर पोर्ट. त्याच पोर्टला पेन ड्राइव्ह लावला की पोर्टचा निकाल लगेच लागतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर मी विश्वास ठेवत नाही, आतली वायर सैल असते. मागचा पोर्ट वापरा, मध्ये हब नको.

वर झेरॉक्सवाल्या दादांनी दिलेली ओळ आली, तर काहीतरी लावलंय एवढं विंडोजला कळलंय, पण ते कोण आहे हे विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही. बहुतेक वेळा केबल. दुसरी केबल आणि दुसरा कॉम्प्युटर वापरूनही तेच आलं, तर प्रिंटरचा बोर्ड.

आणि प्रिंटरचं मॉडेल `Other devices` खाली दिसलं तर ड्रायव्हर. ते नाव प्रिंटर त्याच केबलमधून पाठवतो, म्हणजे केबल आणि पोर्ट चालू आहेत.

गृहिणी, वाई
आमचा वायफायचा आहे. मोबाईलवरून प्रिंट दिली की प्रिंटर सापडत नाही म्हणतो. केबल बदलू का?

दुरुस्तीवाला, मिरज
नको ताई. तुमच्याकडे केबलचा संबंधच नाही. मोबाईल आणि प्रिंटर एकाच वायफायवर आहेत का, ते आधी बघा.

झेरॉक्सवाला, सातारा
एक राहिलं. तुमच्यासारखाच विचार करून मी केबल मागच्या पोर्टला हलवली, तर आता प्रिंटर दोनदा दिसतो. एकापुढे `(Copy 1)`. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुन्या नावावर प्रिंट टाकतं आणि ती रांगेत पडून राहते.

पतसंस्थेतला लेखनिक, तासगाव
हे आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईनंतर व्हायचं. पोर्ट बदलला की काही प्रिंटर विंडोजला नवीनच वाटतात. जुना `USB001` वर राहतो, नवीन `USB002` वर जातो. `control printers` उघडून आधी कॉपीवाल्याच्या Printer properties मध्ये, Ports टॅबवर टिक कुठे आहे ते बघा. मग जुन्या प्रिंटरला तोच पोर्ट द्या आणि Apply करा. सॉफ्टवेअरमधलं नाव बदलावं लागत नाही. कॉपी नंतर काढून टाका. आम्ही आता पोर्टशेजारी खडूने खूण करून ठेवलीय, केबल तिथेच परत लागते.

झेरॉक्सवाला, सातारा
झालं! रांगेतल्या अकरा प्रिंट एकदम बाहेर आल्या.

सायबर कॅफे, कराड
माझं वेगळं आहे. लेझर प्रिंटर आहे. आधी दिसतो, पहिलं पान ओढायला लागला की गायब होतो. कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर आहे.

दुरुस्तीवाला, मिरज
लेझरचा हीटर तापताना एकदम करंट ओढतो, छोट्या यूपीएसला तो झेपत नाही. थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा.

सायबर कॅफे, कराड
भिंतीला लावला. सकाळपासून चाळीसेक पानं निघाली, मग परत एकदा गेला. यादीतूनच नाहीसा झाला, पिवळा त्रिकोणही नाही. केबल तीच जुनी आहे. उद्या नवीन दीड मीटरची आणतो आणि लिहितो.