मदत हवी आहे: बॅडमिंटन कोर्टच्या वेळांसाठी कमिटीला पत्र
सोसायटीत कोर्ट एकच आणि संध्याकाळी 6 ते 8 मध्ये रोज वाद, मुलं आधीपासून खेळत असतात आणि मोठी माणसं ऑफिसातून आली की त्यांना "चला आता, बस झालं" म्हणून बाहेर काढतात. म्हणून कमिटीला पत्र देतोय. मुद्दा असा लिहिलाय:

"संध्याकाळी 5 ते 7 कोर्ट 16 वर्षांखालील मुलांसाठी आणि 7 ते 9:30 मोठ्यांसाठी राखीव असावं. ज्यांची वेळ आहे त्यांच्यापैकी 10 मिनिटांत कोणी आलं नाही तर दुसऱ्यांनी खेळावं, पण ते आले की चालू गेम संपवून कोर्ट सोडावं. कोणी वाट बघत असेल तर 21 पॉइंटचा एकच गेम आणि डबल्सच, म्हणजे चौघं एकदम खेळतील."

अडलंय ते शनिवार-रविवारच्या सकाळवर, तेव्हा दोघांनाही 7 ते 9 च हवंय कारण नंतर ऊन आणि वारा, शटल कुठल्या कुठे जातं. शनिवार मुलांना, रविवार मोठ्यांना असं लिहू का? की आधी महिनाभर ट्रायल मागू? आणि सह्या मुलांच्या पालकांच्याच घेतल्या तर पत्र एकतर्फी वाटेल ना, खेळणाऱ्या मोठ्यांच्याही घ्याव्यात का? कोणी असं पत्र मंजूर करून घेतलं असेल तर प्लीज सांगा.