शॉर्टवर्किंगची शिल्लक आहे, तरी वसुली का नाही?

> "तिसऱ्या वर्षाअखेर शॉर्टवर्किंग ३५,००० उरतं. मग चौथ्या वर्षी ३०,००० वसूल का करायचं नाही?"

कारण त्या ३५,००० मधले २०,००० तेव्हाच बुडालेले असतात. शॉर्टवर्किंग म्हणजे रॉयल्टी किमान भाड्याहून जितकी कमी पडते ती तूट, आणि रॉयल्टी जादा झालेल्या वर्षी ती वसूल करायची. रॉयल्टी खात्याच्या या गणितातली अट 'पुढील दोन वर्षांत वसुली' अशी आहे, म्हणजे प्रत्येक वर्षाच्या तुटीची मुदत वेगळी मोजायची. नुसती खात्याची शिल्लक पाहिली की इथेच घसरायला होतं.

किमान भाडं १,००,००० आणि रॉयल्टी अनुक्रमे ६०,०००, ८५,०००, १,२०,००० व १,३०,०००. पहिल्या वर्षाची तूट ४०,०००, दुसऱ्याची १५,०००. तिसऱ्या वर्षी जादा रॉयल्टी २०,०००. ती आधी जुन्या तुटीतून, म्हणजे ४०,००० मधून वळती करायची. नोंद अशी: रॉयल्टी खाते नावे १,२०,०००, जमीनमालक जमा १,००,०००, शॉर्टवर्किंग जमा २०,०००. पहिल्या वर्षाचे उरलेले २०,००० आता मुदतबाह्य, म्हणून त्याच वर्षी नफा-तोटा खाते नावे आणि शॉर्टवर्किंग जमा. ही नोंद बरेच जण चौथ्या वर्षावर ढकलतात, तिथेच मार्क जातात.

आता शिल्लक १५,०००, ती दुसऱ्या वर्षाची. चौथ्या वर्षी जादा ३०,००० असली तरी वसुली १५,०००च, आणि मालकाला १,१५,००० द्यायचे.

अट 'पट्ट्याच्या पहिल्या चार वर्षांत' अशी असती, तर मात्र तुमचे ३०,००० बरोबर होते. तेव्हा उरलेले ५,००० चौथ्या वर्षाअखेर नफा-तोट्याला गेले असते.

सोडवताना तक्त्यात 'बुडीत' हा रकाना वेगळा ठेवा आणि प्रत्येक तुटीपुढे तिचं शेवटचं वर्ष पेन्सिलीने लिहा.